नाव तेच, पासवर्ड तोच, मग बदललं काय?

मैत्रिणीच्या बाबांचा प्रिंटर एका संध्याकाळी अचानक बंद पडला. बंद म्हणजे बिघडला नव्हता. वीज होती, शाई होती, कागद होता. घरी इंटरनेटचा पुरवठादार बदलला होता, जुना राउटर जाऊन नवा आला होता. ज्याने तो बसवला त्याने वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवला होता, म्हणजे घरातल्या प्रत्येक यंत्रात पुन्हा पासवर्ड टाकत बसायला नको. झालंही तसंच. फोन आपसूक जोडले गेले, लॅपटॉप जोडला गेला, प्रिंटरवरचा वायफायचा निळा दिवासुद्धा स्थिर लागला. फक्त लॅपटॉपवरून छपाई दिली की पडद्यावर एकच उत्तर यायचं, प्रिंटर ऑफलाइन आहे. काकांनी फोन केला आणि अगदी शांतपणे विचारलं, "अगं, नाव तेच आहे, पासवर्ड तोच आहे, दिवासुद्धा लागलाय. मग बदललं काय?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कारण तो अगदी रास्त होता. ज्या माणसाला वायफायचं फक्त नाव आणि पासवर्ड ठाऊक आहे, त्याच्या दृष्टीने खरोखर काहीच बदललेलं नव्हतं. बदल झाला होता तो राउटरच्या सेटिंगच्या पानावर, तिथल्या अशा रकान्यांत जे आपण बघतो आणि पुढे जातो. SSID, Default Gateway, Subnet Mask, DNS. शेजारी आकडे, आकड्यांमध्ये टिंबं, खाली Save चं बटण. त्या पानावर कुठेही लिहिलेलं नसतं की हा रकाना कशासाठी आहे आणि तो चुकला तर नेमकं काय थांबेल. मला वर्षानुवर्षं त्याचा राग येत आलाय. ज्यांच्या घरात ते यंत्र चोवीस तास चालू असतं, त्यांच्याशी ते पान बोलतच नाही.

काकांकडे गेले तेव्हा त्यांनी लॅपटॉप, प्रिंटर आणि राउटर तिन्ही एकाच टेबलावर मांडून ठेवले होते. दोन यंत्रं हाताच्या अंतरावर, आणि एकमेकांना ओळखत नाहीत. मी आधी प्रिंटरलाच त्याची माहिती छापायला सांगितली. बहुतेक नेटवर्क प्रिंटरांमध्ये ही सोय असते. मेन्यूत जाऊन नेटवर्कची माहिती छापायला सांगितली, की तो स्वतःच्या जोडणीचा सगळा तपशील एका कागदावर काढून देतो. त्यासाठी त्याला कोणाशीच बोलावं लागत नाही. गरम कागद हातात आला. पहिल्याच ओळीत एसएसआयडीपुढे घरच्या वायफायचं ओळखीचं नाव होतं, आणि सिग्नल उत्तम असल्याचंही लिहिलं होतं. काका म्हणाले, "बघ, म्हणजे जोडलेला आहे की."

जोडलेला होताच.

एसएसआयडी म्हणजे वायफायचं नाव, त्यापलीकडे काही नाही. राउटर दर सेकंदाला साधारण दहा वेळा हवेत एक छोटा संदेश सोडत असतो, मी इथे आहे, माझं नाव हे. फोनवर वायफायची यादी उघडली की जी नावं दिसतात ती त्या संदेशांमधून आलेली असतात. फोन किंवा प्रिंटर एकदा जोडला गेला की तो हे नाव, सुरक्षेचा प्रकार आणि पासवर्ड लक्षात ठेवतो. पुढे कधीही त्याच नावाचा संदेश कानावर आला आणि पासवर्ड जुळला, की तो बिनदिक्कत जोडला जातो. समोरचं यंत्र जुनं आहे की कालच आणलेलं, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. म्हणून राउटर बदलताना नाव आणि पासवर्ड तोच ठेवणं ही खरंच चांगली युक्ती आहे. आणि म्हणूनच ती जुळणी झाली म्हणजे सगळंच जुळलं, असा समज होतो. निळा दिवा एवढंच सांगत होता की हवेतली गाठ पडली आहे. त्या गाठीवरून पुढे काय बोलणं होणार, ते दिव्याला माहीत नसतं.

या नावाबद्दल अजून दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, कारण त्या मला वारंवार विचारल्या जातात. एक म्हणजे त्याची लांबी. एसएसआयडीला ३२ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, म्हणून इंग्रजीत ३२ अक्षरं बसतात. देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार हीसुद्धा वेगळी चिन्हं धरली जातात. 'आनंदनिवास' लिहिलं तर नऊ चिन्हं होतात, म्हणजे २७ बाइट, मावतं. त्याच्यापुढे अजून एक शब्द जोडायला गेलात तर राउटर नाव अर्धवट कापतो किंवा नाकारतो. मराठी नाव ठेवता येतं, छान दिसतं, पण काही जुन्या यंत्रांच्या पडद्यावर त्याच्या जागी चौकोन दिसतात, आणि अशा यंत्रात नाव हाताने टाकायची वेळ आली तर पंचाईत होते. दुसरी गोष्ट, नाव लपवण्याची. पानावर Hide SSID असा एक पर्याय असतो आणि बरेचजण तो सुरक्षिततेसाठी निवडतात. त्याने नाव शेजाऱ्यांच्या यादीतून जातं एवढंच. तुमचा फोन जोडला जाताना ते नाव हवेत उघडपणे बोलतोच, आणि ज्याला ऐकायचं आहे तो ऐकतो. शिवाय लपवलेलं नाव शोधण्यासाठी फोन बाहेर गेल्यावरसुद्धा ते पुकारत राहतो. घराचं रक्षण पासवर्ड करतो, नाव लपवणं करत नाही.

आता त्या गरम कागदाच्या पुढच्या ओळी. तिथे लिहिलं होतं:

```
IP Address:       192.168.0.50
Subnet Mask:      255.255.255.0
Default Gateway:  192.168.0.1
IP Config:        Manual
```

लॅपटॉपवर Command Prompt ची काळी खिडकी उघडून मी `ipconfig` ही आज्ञा दिली. तिथे आलं:

```
IPv4 Address:     192.168.1.23
Subnet Mask:      255.255.255.0
Default Gateway:  192.168.1.1
```

मी काकांसमोर कागद आणि पडदा शेजारी शेजारी धरला आणि म्हटलं, "काका, फक्त तिसरा आकडा बघा." त्यांनी चष्मा सारखा केला, बोट ठेवलं, आणि काही क्षणांनी म्हणाले, "इथे शून्य आहे आणि तिथे एक." बदललं होतं ते एवढंच. जुना राउटर घरातले पत्ते 192.168.0 ने सुरू करत असे, नवा 192.168.1 ने करतो. लॅपटॉप आणि फोन जोडले जाताना राउटरकडून दर वेळी नवा पत्ता मागून घेतात, त्यामुळे त्यांना फरक पडला नाही. प्रिंटरला मात्र कधीकाळी कोणीतरी हाताने पत्ता लिहून दिला होता, Manual या शब्दाचा अर्थ तोच. तो आपला जुना पत्ता घट्ट धरून नव्या जागी बसला होता.

पण पत्त्यातला एक आकडा वेगळा असला म्हणून हाताच्या अंतरावरची दोन यंत्रं का बोलू शकत नाहीत? दोघांची लाट एकाच अँटेनापर्यंत पोहोचते आहे. याचं उत्तर सबनेट मास्कच्या रकान्यात आहे, आणि माझ्या मते त्या संपूर्ण पानावर सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत समजून घेण्याजोगा रकाना तोच आहे.

मास्क हा पत्ता नाही. दिसतो पत्त्यासारखा, चार आकडे आणि तीन टिंबं, म्हणून घोटाळा होतो. तो एक नियम आहे, आणि प्रत्येक यंत्र तो स्वतःजवळ ठेवतं: समोरचा पत्ता आपल्या घरातला की बाहेरचा, हे कसं ओळखायचं त्याचा नियम. जिथे 255 आहे तो आकडा तंतोतंत जुळला पाहिजे. जिथे 0 आहे तिथे काहीही चालेल. 255.255.255.0 म्हणजे पहिले तीन आकडे जुळले तर घरातला, नाही तर परका. लॅपटॉप स्वतःचा पत्ता बघतो, 192.168.1, प्रिंटरचा बघतो, 192.168.0. तिसऱ्या आकड्याला गाडी अडते. लॅपटॉपच्या लेखी प्रिंटर बाहेरगावचा ठरतो. मधलं अंतर किती, भिंत आहे की नाही, सिग्नल किती चांगला आहे, यातलं काहीही तो विचारात घेत नाही. आत आणि बाहेर यांच्यामधला उंबरठा त्याच्यासाठी केवळ या हिशोबात असतो.

शेवटच्या जागी 0 असल्याने त्या एका घरात 0 पासून 255 पर्यंत २५६ पत्ते बसतात. त्यातला पहिला त्या अख्ख्या घराच्या नावाने राखून ठेवलेला असतो आणि शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारण्यासाठी, म्हणून यंत्रांना द्यायला २५४ उरतात. सामान्य घराला ते भरपूर झाले. कुठे कुठे 255.255.255.128 असे आकडेही दिसतात; त्यात शेवटच्या जागेचे दोन भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भाग स्वतंत्र घर बनतो. घरगुती पानावर याची गरज जवळजवळ कधीच पडत नाही. तिथे 255.255.255.0 दिसला की त्याला हात लावू नये, असं मी सरळ सांगते.

मग लॅपटॉपने छपाईचा तो मजकूर पाठवला कुठे? पाठवला तर होताच. इथे गेटवे येतो. मास्कच्या हिशोबात पत्ता परका ठरला, की यंत्राला स्वतःला काहीच शोधायचं नसतं. ते सगळं गेटवेकडे सोपवायचं असतं. गेटवे म्हणजे घरातलं असं यंत्र ज्याला बाहेरची वाट माहीत आहे. घरात ते बहुधा राउटरच असतं, म्हणून लॅपटॉपवर गेटवे म्हणून जो पत्ता दिसतो तोच ब्राउझरमध्ये टाकला की राउटरचं पान उघडतं. लॅपटॉपने 192.168.0.50 साठीचा मजकूर बांधला, पाकिटावर अंतिम पत्ता प्रिंटरचाच ठेवला, आणि ते 192.168.1.1 च्या, म्हणजे राउटरच्या हाती दिलं. राउटरने बघितलं, आपल्याकडे 192.168.0 नावाचं कोणी नाही. मग हा बाहेरचाच. आणि बाहेर तर या पत्त्याला काही अर्थच नाही. 192.168 ने सुरू होणारे सगळे पत्ते १९९० च्या दशकापासून खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, ते लाखो घरांत एकाच वेळी वापरात असतात, आणि इंटरनेटवर त्यांची वाट कोणालाच दाखवलेली नाही. तो मजकूर राउटरपाशी किंवा त्याच्या एखाद पाऊल पुढे टाकून दिला गेला. शेजारच्या प्रिंटरसाठी लिहिलेलं पत्र दाराबाहेर गेलं आणि हरवलं. लॅपटॉपने थोडा वेळ वाट पाहिली आणि ऑफलाइन म्हणून सांगितलं.

काका यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे तो इथे आहे हे त्याला कळतच नाही." मला त्या क्षणी फार बरं वाटलं, आणि थोडं वाईटही. बरं यासाठी, की त्यांना नेमकं कळलं होतं. वाईट यासाठी, की इतकी साधी गोष्ट कळायला कोणीतरी कागद आणि पडदा शेजारी धरून दाखवावा लागतो. मला स्वतःला हे पान पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी नुसती त्या आकड्यांकडे बघत राहिले होते. तेव्हा शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाने सांगितलं होतं, जे आहे तसंच राहू दे, त्यात डोकं घालू नकोस. सल्ला वाईट नव्हता. पण त्यामुळे ते पान कित्येक वर्षं माझ्यासाठी बंद दारच राहिलं.

गेटवेच्या बाबतीत एक गोष्ट नवख्याला हमखास गोंधळात टाकते, आणि दोष त्याचा नसतो. राउटरच्या पानावर हा शब्द दोनदा येऊ शकतो. LAN या भागात राउटरचा घरातला पत्ता असतो, आपल्या उदाहरणात 192.168.1.1. घरातल्या सगळ्या यंत्रांचा गेटवे तोच. WAN किंवा Internet या भागात पुन्हा Default Gateway असं लिहिलेलं दिसतं आणि तिथे निराळाच पत्ता असतो. तो राउटरचा गेटवे. कारण राउटरलाही बाहेरचं सगळं जग माहीत नसतं. तो परका मजकूर पुरवठादाराच्या यंत्राकडे सोपवतो, ते आणखी पुढे. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न, हा माझ्या आतला की बाहेरचा, आणि बाहेरचा असेल तर माझ्या पुढच्या हाती. म्हणून WAN मधला गेटवे वेगळा दिसला की तो 'दुरुस्त' करून 192.168.1.1 लिहायचा मोह आवरावा. तिथले आकडे पुरवठादार देतो, बहुतेक वेळा आपोआप, आणि ते बदलले की घरभराचं इंटरनेट एका क्षणात जातं. मजा अशी की घरातल्या घरात सगळं चालूच राहतं, वायफायचे दांडे पूर्ण दिसतात, त्यामुळे माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

दुसरी अट अशी की यंत्राला दिलेला गेटवे त्याच्याच घरातला असावा लागतो. परक्याकडे जायचा रस्ता परक्यालाच विचारता येत नाही. लॅपटॉप गेटवेला शोधतो तो वायफायवर सर्वांना हाक मारून, 192.168.1.1 हा पत्ता कोणाचा आहे? ज्याचा असेल तो आपला जन्मजात क्रमांक कळवतो, आणि मग त्या क्रमांकावर मजकूर दिला जातो. ही हाक उंबरठ्याच्या आतच ऐकू जाते. प्रिंटरच्या कागदावर गेटवे 192.168.0.1 होता, तो पत्ता धारण करणारा जुना राउटर आता घरातच नव्हता. म्हणजे प्रिंटरने कितीही हाका मारल्या तरी उत्तर येणार नव्हतं.

काकांच्या भाच्याने फोनवरून एक उपाय सुचवला होता, आणि तो पूर्णपणे चुकीचाही नव्हता: लॅपटॉपचा मास्क 255.255.0.0 करायचा. म्हणजे पहिले दोनच आकडे जुळवायचे, 192.168, आणि मग प्रिंटर घरातला ठरेल. अर्धी बाजू खरी आहे. आम्ही करून पाहिलं. लॅपटॉपने आता मजकूर राउटरकडे न देता थेट प्रिंटरला हाक मारली. पण छपाई हे एकतर्फी बोलणं नसतं. प्रिंटरला सतत 'मिळालं, पुढचं पाठव' असं उत्तर द्यावं लागतं. प्रिंटरचा मास्क अजून 255.255.255.0 च होता. त्याच्या हिशोबात 192.168.1.23 परका. त्याने उत्तर आपल्या गेटवेकडे, म्हणजे घरात नसलेल्या 192.168.0.1 कडे द्यायचा प्रयत्न केला, आणि ते तिथेच संपलं. मास्क कधीच मजकुराबरोबर प्रवास करत नाही. तो प्रत्येकाचा आपापला हिशोब असतो, आणि दोघांचा हिशोब जुळला तरच संवाद होतो. मला मास्कबद्दल कोणी एकच गोष्ट विचारली तर मी हीच सांगेन. लॅपटॉपचा मास्क आम्ही पुन्हा पहिल्यासारखा केला.

खरे उपाय दोन होते. एक, प्रिंटरला Manual वरून Automatic वर आणायचं, म्हणजे तोही इतरांसारखा राउटरकडून पत्ता मागून घेईल, आणि मग राउटरच्या पानावर त्या प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवायचा. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हाच मार्ग सांगते. पण काकांच्या आणि काकूंच्या, दोन्ही लॅपटॉपांमध्ये प्रिंटरची ओळख 192.168.0.50 याच आकड्यांनी नोंदवलेली होती. ती सगळीकडे बदलत बसावी लागली असती. म्हणून आम्ही दुसरा मार्ग घेतला, नव्या राउटरलाच जुन्या घराचा पत्ता द्यायचा. आधी WAN च्या भागात डोकावून खात्री केली की तिथला पत्ता 192.168.0 चा नाही. राउटरच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला एकच घर झालं तर त्याला आत काय नि बाहेर काय ते कळेनासं होतं. मग LAN मध्ये 192.168.1.1 च्या जागी 192.168.0.1 लिहिलं, मास्क तसाच ठेवला, आणि Save दाबलं.

इथे बरेचजण घाबरतात. Save दाबल्यावर पान गोठतं, फिरणारं चक्र थांबत नाही, आणि वाटतं की राउटर गेला. तो गेलेला नसतो. ब्राउझर 192.168.1.1 ला हाका मारत असतो आणि तो पत्ता आता कोणाचाच नसतो. लॅपटॉपचं वायफाय बंद करून पुन्हा चालू केलं, त्याला 192.168.0 चा नवा पत्ता मिळाला, ब्राउझरमध्ये 192.168.0.1 टाकलं आणि पान परत उघडलं. मग DHCP Server या भागात बघितलं की राउटर कुठपासून कुठपर्यंत पत्ते वाटणार आहे. 100 ते 199 असं होतं. प्रिंटरचा 50 त्याच्या बाहेर राहिला, म्हणजे तोच पत्ता चुकून एखाद्या फोनला मिळण्याची भीती नाही. तो आत पडला असता तर एके दिवशी दोन यंत्रं एकाच पत्त्यावर भांडली असती, आणि छपाई कधी होते कधी होत नाही असा चमत्कारिक प्रकार सुरू झाला असता. काकूंनी एक पान छापायला दिलं. आलं.

पण डीएनएसची गोष्ट यानंतर सुरू होते. काका प्रिंटरवर कागद ठेवून तो थेट ईमेलने पाठवायचे. छपाई सुरू झाली तरी ते काम होईना. प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर सर्व्हर सापडला नाही असं यायचं. गंमत म्हणजे आता प्रिंटरचं स्वतःचं सेटिंगचं पान लॅपटॉपवरून उघडत होतं, ब्राउझरमध्ये 192.168.0.50 टाकलं की झालं; आदल्या तासापर्यंत ते अशक्य होतं. तिथे DNS Server पुढे एक अनोळखी पत्ता होता, आणि तोही हाताने लिहिलेला. चौकशीअंती कळलं की तो जुन्या पुरवठादाराचा होता.

इंटरनेटवरचं प्रत्येक बोलणं आकड्यांच्या पत्त्यावर चालतं. नावं माणसांच्या सोयीसाठी आहेत. प्रिंटरला मेल सर्व्हरचं नाव ठाऊक होतं, पत्ता ठाऊक नव्हता, आणि नावावरून पत्ता सांगणारं जे यंत्र, तो डीएनएस सर्व्हर. त्या रकान्यात आपण फक्त एवढंच लिहितो की हा प्रश्न कोणाला विचारायचा. पुरवठादारांचे असे सर्व्हर सहसा आपल्याच ग्राहकांना उत्तरं देतात. काका आता ग्राहक राहिले नव्हते, म्हणून प्रिंटर विचारत राहिला आणि पलीकडून काही आलं नाही. छपाईला याची झळ लागली नाही, कारण लॅपटॉप प्रिंटरला सरळ आकड्यांनीच हाक मारत होता. तिथे नाव विचारायचा प्रश्नच नव्हता. आम्ही त्या रकान्यात 192.168.0.1 लिहिलं. घरातल्या राउटरला विचार, तो पुढे विचारून सांगेल. ईमेल गेला.

नावांची ही सोय मला फार मोठी वाटते, कदाचित तिच्या इतिहासामुळे. सुरुवातीच्या काळात सगळ्या जोडलेल्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असत. HOSTS.TXT नावाची ती फाइल स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळत असे, आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. यंत्रं वाढली तशी ती फाइल आवरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ती यादी एका जागी ठेवण्याऐवजी वाटून देणारी व्यवस्था मांडली. आज आपल्या प्रश्नाचं उत्तर एका यंत्राकडे नसतं. आपला डीएनएस सर्व्हर वरपासून खालपर्यंत विचारत जातो, उत्तर आणतो, आणि काही काळ ते जवळ ठेवतो. त्यामुळेच दुसरा डीएनएस टाकला की इंटरनेट वेगवान होतं, हे म्हणणं अर्धंच खरं आहे. वेगळा सर्व्हर घेतला तर नाव विचारण्यातला क्षणाचा अंश वाचू शकतो. पुढे व्हिडिओ किंवा फाइल येते ती बहुधा त्याच वाटेने, त्याच वेगाने.

डीएनएस बिघडला आहे हे ओळखायची एक सोपी खूण आहे. काळ्या खिडकीत दोन आज्ञा द्यायच्या, पहिली बाहेरच्या एका यंत्राला आकड्यांनी हाक मारणारी, दुसरी नावाने:

```
ping 8.8.8.8
ping example.com
```

पहिलीला उत्तर आलं, म्हणजे मास्क, गेटवे आणि बाहेरची वाट ठीक आहे. दुसरीला नाव सापडलं नाही असं आलं, तर दोष नावं विचारण्यात आहे. पहिलीलाच उत्तर नसेल तर डीएनएसला हात लावून उपयोग नाही. आधी गेटवेच्या पत्त्याला पिंग करून बघावं. आणि `ipconfig` मध्ये 169.254 ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजावं की राउटरने पत्ताच दिलेला नाही, यंत्राने आपल्यापुरता काहीतरी घेतला आहे.

चारही रकान्यांत मला भीती वाटते ती मात्र याच एका रकान्याची. मास्क किंवा गेटवे चुकला तर काम बंद पडतं आणि लगेच कळतं. डीएनएसच्या जागी वाईट माणसाचा पत्ता असेल तर सगळं व्यवस्थित चालल्यासारखं दिसतं. फक्त तुम्ही नाव एकाचं विचारता आणि पत्ता दुसऱ्याचाच मिळतो. डीएनएसचेंजर नावाच्या विषाणूने हेच केलं होतं. तो संगणकातला डीएनएसचा पत्ता बदलायचा, आणि ज्या राउटरांचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच होता त्यांच्यातलाही. नोव्हेंबर २०११ मध्ये ती टोळी पकडली गेली, पण ते सर्व्हर लगेच बंद करता आले नाहीत, कारण लाखो संगणक नावं त्यांनाच विचारत होते. त्यांच्या जागी चांगले सर्व्हर चालवून लोकांना सावध करण्यात महिने गेले, आणि ९ जुलै २०१२ ला ते बंद झाले. ज्यांनी तोवर तो रकाना बघितला नव्हता त्यांचं इंटरनेट त्या दिवशी थांबलं, केबल, वायफाय आणि गेटवे सगळं धडधाकट असताना.

म्हणून काकांच्या राउटरचं पान बंद करण्यापूर्वी मी दोनच गोष्टी करून घेतल्या. पानाचा प्रवेशाचा पासवर्ड बदलला. तो वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो आणि बऱ्याच घरांत कधीच बदललेला नसतो. आणि WAN च्या भागातले डीएनएसचे दोन्ही पत्ते त्यांना एका कागदावर उतरवून घ्यायला सांगितले, नव्या पुरवठादाराकडून ते त्याचेच असल्याची खात्री करून. त्यांनी विचारलं, "दुसरा कशाला, पहिला बंद पडला तर का?" साधारण तसंच, पण काही यंत्रं दोघांनाही आलटून पालटून विचारतात, म्हणून दुसरा रकाना भरायचा तर तोही तितकाच विश्वासाचा हवा.